चौकटीबाहेरची माहिती : पक्ष्यांच्या व्हिडिओसाठी नाव, अधिवास आणि वेळ

रिचर्ड माइनर्त्झहागेन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी त्याच्या काळात पक्ष्यांचा मोठा संग्राहक म्हणून ओळखला जाई. त्याच्या संग्रहात एका छोट्या घुबडाचं भरलेलं कातडं होतं. पायाला बांधलेल्या चिठ्ठीनुसार हा पक्षी त्याने ऑक्टोबर १९१४मध्ये गुजरातेत, तापीकाठच्या मांडवीला मिळवला होता. घुबड होतं रानपिंगळा. १८८४नंतर हा पक्षी दुसऱ्या कुणालाही मिळालेला नव्हता. त्यामुळे त्याचा अगदी अलीकडचा पुरावा म्हणजे मांडवीची ती चिठ्ठी, असं धरलं गेलं. तिच्यावर विसंबून लोक शोधायला गेले आणि हात हलवत परतले.

१९९०च्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ते कातडं पुन्हा तपासायला घेतलं. क्ष-किरणांखाली आतली भरण आणि बांधणी पाहिली, तेव्हा मूळची पद्धत दुसऱ्याच माणसाची निघाली. जेम्स डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात खानदेशात पक्षी गोळा केले होते आणि हे कातडं त्याच्या हातचं होतं. माइनर्त्झहागेनने ते ब्रिटिश म्युझियममधून लांबवलं, उसवून नव्याने भरलं आणि त्यावर स्वतःची चिठ्ठी चढवली. पक्षी खरा होता, चिठ्ठी खोटी होती. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी मग मांडवी बाजूला ठेवली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरून शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांचा खंड संपला.

आज पक्ष्याची कातडी सहसा कुणी गोळा करत नाही. पुरावा म्हणून उरतो तो फोटो, आवाज आणि दिवसेंदिवस अधिक प्रमाणात व्हिडिओ. पायाला बांधायच्या चिठ्ठीची जागा आता मेटाडेटाने घेतली आहे. पक्ष्याचं रूढ नाव, शास्त्रीय नाव, अधिवास आणि दिसल्याची वेळ या चार नोंदी त्या चिठ्ठीचा कणा आहेत. या चौघींची ओळख करून देताना रानपिंगळ्यालाच सोबत घेतलेलं बरं. हा पक्षी महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे, त्याच्या नावाचे घोळ भरपूर आहेत आणि त्याच्यासारखे दिसणारे दोन शेजारी त्याच जंगलात राहतात.

उदाहरणादाखल एक व्हिडिओ समोर धरू. मेळघाटातली डिसेंबरातली सकाळ आहे. पानं गळू लागलेल्या सागाच्या फांदीवर एक पिंगळा बसलेला आहे, एकदा शेपटी डावी-उजवी हलवतो आणि उडून जातो. एकूण ४३ सेकंद. कॅमेऱ्याने दिलेलं नाव आहे `MVI_4312.MP4`. घेणारा घरी येतो, "मेळघाटातलं घुबड" असं शीर्षक देतो आणि फाइल संगणकावर ठेवून देतो. पाच वर्षांनी हा व्हिडिओ कुणाच्या काय कामाचा असेल? घेणाऱ्याला स्वतःला तो आठवणीने सापडेल, दुसऱ्या कुणाला सापडणार नाही. आणि सापडलाच, तरी त्यावरून काही ठामपणे म्हणता येणार नाही.

सुरुवात रूढ नावापासून. मराठीत या पक्ष्याला कुणी रानपिंगळा म्हणतं, कुणी वनपिंगळा. वर्तमानपत्रांतही दोन्ही नावं आलटून पालटून येतात. त्याच जंगलात राहणाऱ्या दुसऱ्या एका पिंगळ्याला जंगली पिंगळा म्हणतात, पण काही जण त्यालाही रानपिंगळाच म्हणून मोकळे होतात. गावाशेजारच्या आंब्या-वडाच्या ढोलीत दिसणारा तिसरा, तो नुसता पिंगळा. तेव्हा "रानपिंगळा" एवढंच लिहिलेला व्हिडिओ पाहणाऱ्याला दोन वेगळ्या जातींपैकी कुठलीही अपेक्षित असू शकते. इंग्रजीतही सोय नाही. तिथे एकाला फॉरेस्ट आउलेट म्हणतात, दुसऱ्याला जंगल आउलेट.

यावर उपाय म्हणून रूढ नावं गाळून टाकायची नसतात. उलट जेवढी खरोखर वापरात आहेत तेवढी सगळी लिहायची असतात. मारुती चितमपल्लींनी 'पक्षीकोशा'त पक्ष्यांची निरनिराळ्या भाषांतली आणि बोलींतली नावं एकत्र आणली. असा कोश का लागतो, हे मेटाडेटा भरताना लगेच उमगतं. कुणी मराठी नावाने शोधेल, कुणी इंग्रजी, कुणी मेळघाटात ऐकलेल्या कोरकू नावाने. म्हणून रूढ नावाच्या रकान्यात मराठीतली दोन्ही नावं आणि इंग्रजी नाव अशी यादी द्यावी, प्रत्येक नाव उभ्या रेघेने वेगळं करावं. स्थानिक नाव लिहिलं तर ते कुठल्या भाषेतलं आणि कुठे ऐकलं, हेही सोबत लिहावं. गावकऱ्याने सांगितलेलं नाव नेमकं एकाच जातीचं असतं असं नाही. ते कधी सगळ्या छोट्या घुबडांचं मिळून असतं, आणि तसं असेल तर ते तसंच नोंदवलेलं उपयोगी पडतं.

एक मोह मात्र टाळावा लागतो. व्हिडिओ जास्त लोकांनी पाहावा म्हणून त्यात नसलेल्या प्राण्यांची नावंही कळशब्दांत घातली जातात. पिंगळ्याच्या व्हिडिओला "वाघ", "बिबट्या", "ताडोबा" असे शब्द जोडले, की वाघ शोधणाऱ्याला घुबड मिळतं आणि पुढे कुणी त्या शब्दांवरून नोंदी मोजल्या तर मेळघाटातल्या घुबडाची गणना ताडोबात होते. चौकटीत दिसणारे किंवा स्पष्ट ऐकू येणारे जीव, एवढीच मर्यादा ठेवावी. मागे सातभाईंचा कलकलाट ऐकू येत असेल, तर सातभाई नोंदवावेत, पण "फक्त आवाज" असा शेरा मारून.

दुसरा रकाना शास्त्रीय नावाचा. इथे घोळ संपतो असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. शास्त्रीय नाव एका वेळी एकाच जातीला लागू असतं, पण ते कायमचं नसतं. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने १८७३मध्ये रानपिंगळ्याचं वर्णन केलं, तेव्हा त्याच्यासाठी `Heteroglaux` ही नवी प्रजाती मांडली. जातीचं नाव `blewitti` हे एफ. आर. ब्लेविट याच्यावरून आलं. त्याने १८७२च्या डिसेंबरात आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळवला होता. पुढे अभ्यासकांनी त्याला गावातल्या पिंगळ्याच्या `Athene` या प्रजातीत टाकलं. १९९७च्या शोधानंतर ह्यूमची वेगळी प्रजातीच योग्य, असं मत पुढे आलं. २०१८मध्ये भारतीय संशोधकांनी डीएनएच्या आधारे तो पुन्हा `Athene`मध्येच बसतो असं दाखवलं. त्यामुळे जुन्या-नव्या पुस्तकांत, याद्यांत आणि व्हिडिओंत या एकाच पक्ष्याची दोन शास्त्रीय नावं भेटतात.

नावाचा दुसरा भाग, `blewitti`, या सगळ्या उलथापालथीत तसाच राहिला. म्हणून शोधताना जातीच्या नावाने शोधणं शहाणपणाचं ठरतं आणि लिहिताना नाव पूर्ण लिहिणं: `Athene blewitti (Hume, 1873)`. यातला कंस शोभेचा नाही. वर्णन करणाऱ्याचं नाव कंसात असेल, तर जात मुळात वेगळ्या प्रजातीत मांडली गेली होती आणि नंतर हलवली गेली, असा त्याचा संकेत आहे. प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं छोटं. तिरपा ठसा छापील पानासाठी आहे, मेटाडेटाच्या रकान्यात त्याची गरज नाही. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे नाव कोणत्या यादीतून आणि कोणत्या वर्षीच्या आवृत्तीतून घेतलं, ते लिहिणं. पक्ष्यांच्या जागतिक याद्या नियमित सुधारल्या जातात आणि दोन याद्यांत एकाच पक्ष्याची नावं वेगळी असू शकतात.

बदलांचा याहून अवघड प्रकार म्हणजे एका जातीच्या दोन किंवा तीन जाती होणं. स्वर्गीय नर्तकाचं उदाहरण घ्या. पूर्वी भारतापासून चीनपर्यंतचे स्वर्गीय नर्तक एकच जात मानले जात आणि सगळ्यांना `Terpsiphone paradisi` हेच नाव होतं. अलीकडे त्यांच्या तीन जाती केल्या गेल्या. जुनं नाव भारतीय जातीकडे राहिलं, आग्नेय आशियातली `Terpsiphone affinis` झाली आणि चीनकडची `Terpsiphone incei`. आता वीस वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर फक्त "टर्प्सिफोनी पॅराडिसी" असेल, तर त्याचा आज अर्थ काय लावायचा? पुण्याजवळच्या बागेत, मार्च महिन्यात, असं लिहिलेलं असेल तर प्रश्न सोपा होतो. ठिकाणही नसेल आणि तारीखही नसेल, तर बिनचूक लिहिलेलं शास्त्रीय नावसुद्धा संदिग्ध ठरतं. चारही रकाने एकमेकांचे साक्षीदार आहेत, ते इथे कळतं.

नाव लिहिण्याआधी ओळख पटलेली असावी लागते आणि ती कशावरून पटली हेही लिहावं लागतं. मेळघाटातल्या त्या ४३ सेकंदांत तीन पिंगळ्यांपैकी कोणता? गावातल्या पिंगळ्याच्या, म्हणजे `Athene brama`च्या, डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. जंगली पिंगळ्याच्या, `Glaucidium radiatum`च्या, डोक्यापासून पाठीपर्यंत बारीक आडव्या पट्ट्या असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ साधं, ठिपक्यांवाचून असतं. पंख आणि शेपटीवर रुंद पट्टे, छातीवर गडद पट्टा आणि पोट पांढरं. चोच आणि पाय अंगाच्या मानाने दणकट दिसतात. शेपटी बाजूंना हलवण्याची त्याची लकबही परिचित आहे आणि ही लकब व्हिडिओत दिसते, फोटोत दिसत नाही.

म्हणून ओळखीच्या शेऱ्यात "डोकं ठिपक्यांविना, ००:१४ ते ००:२१ स्पष्ट, पोट पांढरं, ००:२५, शेपटीची हालचाल, ००:३१" असं लिहिलं, तर पाहणाऱ्याला सबंध व्हिडिओ चाळावा लागत नाही. शिवाय चूक असेल तर ती कुठे आहे, हे त्याला बोट ठेवून दाखवता येतं. खात्री नसेल तर नाव वरच्या पातळीवर थांबवावं. या तिघांत दोन प्रजाती आहेत, त्यामुळे डोकं दिसलंच नसेल तर "पिंगळ्यांपैकी एक, कूळ `Strigidae`" इथेच थांबणं योग्य. दुर्मीळ जातीचा मोह होतो तेव्हा हा नियम जास्त कामाला येतो, कारण जंगली पिंगळा सहज दिसणारा आहे आणि रानपिंगळा जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानला जातो. चुकीच्या एका नावाने नकाशावर एक ठिपका वाढतो आणि तो पुसायला वर्षं लागतात.

अधिवासाचा रकाना सर्वांत आळसाने भरला जातो. "जंगल" असं लिहिलं की झालं, असं वाटतं. पण जंगल तर व्हिडिओत दिसतंच आहे. या रकान्याचं खरं काम चौकटीबाहेरचं सांगणं हे आहे. दूरदर्शी भिंग चौकट इतकी आवळतं, की एक फांदी आणि मागचा धूसर हिरवा रंग एवढंच उरतं. ती फांदी घनदाट जंगलातली आहे की शेताच्या बांधावरची, हे पडद्यावरून सांगता येत नाही. उभं राहून पाहणाऱ्यालाच ते माहीत असतं आणि त्यालाही ते महिन्याभरात आठवेनासं होतं.

रानपिंगळ्याच्या बाबतीत हा फरक कळीचा आहे. त्याला शुष्क पानझडी जंगल लागतं, विशेषतः सागाचं, आणि तेही विरळ, मोकळ्या जागा असलेलं. तोरणमाळ, यावल आणि मेळघाटच्या डोंगररांगांत तो सापडत आला. २०१४मध्ये तो मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यात सापडला, तेव्हा अभ्यासकांना आश्चर्य वाटलं. तिथलं जंगल सातपुड्यातल्या त्याच्या नेहमीच्या जंगलापेक्षा जास्त ओलं आहे. अशा वेळी पक्षी नेमका कसल्या झाडीत होता, ही नोंद त्याच्या नावाइतकीच मोलाची ठरते.

या रकान्यात तीन पायऱ्यांनी उतरावं. आधी मोठं चित्र: शुष्क पानझडी सागाचं जंगल, विरळ छत्र. मग आसपासचं: सुमारे शंभर मीटरवर गव्हाचं शेत, मधून गुरांची वाट, पाणी जवळ नाही. शेवटी पक्षी स्वतः कुठे होता ते: सागाची वाळलेली, उघडी फांदी, जमिनीपासून अंदाजे सहा मीटर. अंदाज असेल तिथे "अंदाजे" लिहायला लाजू नये. ऋतूची खूणही इथेच यावी: सागाची पानं गळू लागलेली, खाली गवत वाळलेलं. वर्षभर हिरव्या न राहणाऱ्या जंगलात अधिवास महिन्यागणिक बदलतो. तीच जागा ऑगस्टमध्ये पाहिली तर पानांच्या गर्दीत हा पक्षी दिसणंही कठीण असतं.

जागेचे अक्षांश-रेखांश हा वेगळा रकाना असतो, पण अधिवासाशी तो जोडून वाचला जातो. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. फोन किंवा कॅमेरा जी जागा नोंदवतो, ती उभं राहणाऱ्याची असते, पक्ष्याची नव्हे. ओढ्यापलीकडचा पक्षी टिपला असेल, तर नकाशावर नोंद अलीकडच्या काठावर पडते. म्हणून जागेतली अनिश्चितता मीटरमध्ये लिहावी. दुसरी गोष्ट आकड्यांची. दशांश चिन्हापुढे चार आकडे म्हणजे सुमारे अकरा मीटरचा नेमकेपणा, दोन आकडे म्हणजे साधारण एक किलोमीटर, एक आकडा म्हणजे अकरा किलोमीटर. घरट्याचा व्हिडिओ असेल, किंवा जिथे माणसांची गर्दी झाली तर पक्षी जागा सोडेल अशी परिस्थिती असेल, तर जाहीर नोंदीत एकच आकडा ठेवावा आणि पूर्ण आकडे स्वतःजवळ. ई-बर्डसारख्या नोंदणी व्यवस्थाही संवेदनशील जातींची नेमकी जागा जाहीर नकाशावर दाखवत नाहीत, फार मोठा चौकोन दाखवतात. पण रकान्यात एक आकडा आणि फाइलच्या पोटात फोनने आपणहून लिहिलेले पूर्ण आकडे, असं झालं तर सगळी खबरदारी वाया जाते. व्हिडिओ बाहेर देण्याआधी ती आतली जागा तपासून काढून टाकावी लागते.

आता वेळ. ही नोंद यंत्र आपोआप करतं, म्हणून ती सगळ्यांत विश्वासाची वाटते. प्रत्यक्षात पुष्कळ चुका इथेच होतात.

एका व्हिडिओला किमान तीन वेळा चिकटलेल्या असतात: चित्रण झालं ती, फाइल संगणकावर आली किंवा संपादित झाली ती, आणि ती जाहीर झाली ती. यांतली पहिलीच कामाची. चातकाचं उदाहरण पाहा. आफ्रिकेकडून येणारे चातक महाराष्ट्रात मॉन्सूनच्या आगेमागे दिसू लागतात. २००७पासून मायग्रंटवॉच या उपक्रमात देशभरच्या पक्षीनिरीक्षकांनी स्थलांतरित पक्ष्यांच्या आगमनाच्या तारखा नोंदवल्या आणि चातक त्यात लोकांच्या विशेष आवडीचा होता. आता जूनमध्ये घेतलेला चातकाचा व्हिडिओ जानेवारीत संपादित करून जाहीर झाला आणि त्यावर जानेवारीचीच तारीख राहिली, तर विदर्भात भर थंडीत चातक दिसल्याची बातमी तयार होते. ती खरी असती तर कुतूहलाची गोष्ट होती. खोटी आहे, आणि खोटी आहे हे व्हिडिओ पाहून सहजासहजी सांगता येणार नाही.

मेळघाटातल्या व्हिडिओत नेमकं काय घडतं ते पाहू. चित्रण झालं १० डिसेंबरला सकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी. एमपी-४ फाइलमध्ये निर्मितीची वेळ लिहिण्यासाठी जी जागा असते, तिथे जागतिक प्रमाणवेळ लिहावी असा संकेत आहे. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. संकेत पाळणारा फोन तिथे ०२:१२ लिहितो. हे न जाणणाऱ्याला पक्षी मध्यरात्रीनंतर टिपलेला वाटतो. उलट अनेक कॅमेरे त्याच जागी घड्याळातली स्थानिक वेळ, म्हणजे ०७:४२, तशीच लिहून मोकळे होतात. मग संकेतावर विसंबणारा संगणक त्यात साडेपाच तास मिळवतो आणि दुपारचे १ वाजून १२ मिनिटं दाखवतो. पहाटेच्या चित्रणात तर तारीखच हलते. १० तारखेला पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी टिपलेला रातवा जागतिक वेळेत ९ तारखेच्या रात्री ११:४० वाजता जातो.

फाइलच्या पोटात काय लिहिलंय ते एक्झिफटूल या मोफत साधनाने पाहता येतं:

```
exiftool -time:all -a -G1 -s MVI_4312.MP4
```

यातून येणाऱ्या यादीत निर्मितीच्या वेळा आणि फाइल बदलल्याच्या वेळा वेगवेगळ्या ओळींत दिसतात. फाइल बदलल्याची वेळ नुसत्या नकलेनेही बदलू शकते, तिच्यावर विसंबू नये. निर्मितीची वेळ प्रमाणवेळ आहे की स्थानिक, हे ठरवायला एक साधी चाचणी पुरते. घड्याळ पाहून दहा सेकंदांचं चित्रण करावं आणि यादीत कोणता आकडा येतो ते पाहावं. ती एकदा केली, की त्या कॅमेऱ्याची सवय कळते.

जुन्या फाइलवर ही चाचणी करता येत नाही. तिथे चित्रणच साक्ष देतं. लांब सावल्या, तिरपा पिवळा उजेड, गवतावरचं दव, हे सकाळचं चित्र दुपारी सव्वा वाजताचं असू शकत नाही. पक्ष्याच्या वागण्यावरून मात्र सावधपणे बोलावं. गावातला पिंगळा भर दुपारी शिकारीच्या पवित्र्यात दिसला तर शंका घ्यायला जागा आहे, पण रानपिंगळा दिवसाही सक्रिय असतो. त्यामुळे त्याचं जागं असणं सकाळ-दुपारचा निवाडा करत नाही.

घड्याळाचीही चूक असते. बॅटरी बराच वेळ बाहेर राहिली की काही कॅमेरे पहिल्या जानेवारीवर जाऊन बसतात. परदेशी जाऊन आलेला कॅमेरा तिथलीच वेळ चालवत राहतो. यावर अनुभवी लोक एक सोपी सवय लावून घेतात. जंगलात शिरताना फोनवरच्या घड्याळाचं एक चित्रण कॅमेऱ्यातून घेतात. नंतर दोन्ही वेळांतला फरक काढला, की त्या दिवसाच्या सगळ्या फाइली एकाच वेळी दुरुस्त होतात. आवाज ध्वनिमुद्रित करणाऱ्यांची आणखी एक जुनी रीत व्हिडिओलाही चपखल बसते. पक्षी उडून गेल्यावर चित्रण लगेच थांबवायचं नाही, हळू आवाजात पक्ष्याचं नाव, जागा, वेळ आणि झाडी बोलून ठेवायची. फाइलचं नाव बदललं, मेटाडेटा पुसला गेला, तरी ही बोललेली चिठ्ठी व्हिडिओच्या अंगातच राहते. पुसला जाण्याचे प्रसंग काही थोडे नसतात. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ पुन्हा दाबून लहान केला जातो आणि आतली जागा-वेळ गळते. संपादनाच्या साधनातून बाहेर काढलेल्या नव्या फाइलवर बहुधा बाहेर काढल्याचीच वेळ येते.

म्हणून नोंद फाइलच्या आत तर असावीच, पण त्याच नावाच्या वेगळ्या साध्या मजकुराच्या फाइलमध्येही असावी. रकान्यांची नावं मनाने ठेवण्यापेक्षा डार्विन कोअर या प्रमाणातली घ्यावीत. जैवविविधतेच्या नोंदींसाठी २००९मध्ये संमत झालेलं हे प्रमाण जगभरच्या संग्रहालयांत आणि नोंदणी व्यवस्थांत चालतं, त्यामुळे नोंद एका जागेहून दुसऱ्या जागी नेताना रकाने जुळवत बसावं लागत नाही. मेळघाटातल्या व्हिडिओची नोंद अशी होईल:

```
vernacularName: रानपिंगळा | वनपिंगळा | Forest Owlet
scientificName: Athene blewitti (Hume, 1873)
eventDate: 2023-12-10T07:42:10+05:30
locality: मेळघाट, जि. अमरावती
coordinateUncertaintyInMeters: 11000
habitat: शुष्क पानझडी सागाचं जंगल, विरळ छत्र;
  १०० मी.वर शेत; वाळलेली फांदी, अंदाजे ६ मी. उंच
identificationRemarks: डोकं ठिपक्यांविना 00:14-00:21;
  पोट पांढरं 00:25; शेपटी हलवणं 00:31
```

वेळेच्या शेवटचं `+05:30` हे या नोंदीतलं सर्वांत छोटं आणि सर्वांत उपयोगी चिन्ह आहे. ते असलं की प्रमाणवेळ की स्थानिक, हा प्रश्नच उरत नाही. जागेची अनिश्चितता ११,००० मीटर आहे, कारण ही जाहीर करायची प्रत आहे. घरच्या प्रतीत तो आकडा १५० असेल. शीर्षक आणि वर्णन या नोंदीतूनच तयार व्हावं: "रानपिंगळा, शुष्क सागाचं जंगल, मेळघाट, डिसेंबर सकाळ". वाचणाऱ्याला ते वाक्य वाटतं आणि शोधणाऱ्या यंत्राला त्यातला प्रत्येक शब्द उपयोगी पडतो.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मेटाडेटा ओळख सिद्ध करत नाही, तपासता येईल अशी फक्त करतो. नेटके रकाने भरून चुकीचं नाव लिहिता येतं आणि माइनर्त्झहागेनसारखी हेतुपुरस्सर खोटी नोंदही करता येते. पण नाव, अधिवास, वेळ आणि चित्र या चौघांना एकमेकांशी जुळवून खोटं रचणं एकट्या नावाच्या खोटेपणापेक्षा खूप अवघड जातं. कुठे तरी सावली जुळत नाही, कुठे झाडाची पानं महिन्याशी भांडतात.

शेवटचा प्रश्न कपाटातल्या जुन्या चित्रणाचा. महाराष्ट्रात अनेक हौशी निसर्गप्रेमींकडे १९९०च्या दशकापासूनच्या कॅसेट पडून आहेत आणि त्यांवर कधी "मेळघाट ट्रिप" याहून जास्त काही लिहिलेलं नसतं. यातल्या मिनी-डीव्ही कॅसेटबाबत एक आशेची गोष्ट आहे. चित्रणाची तारीख आणि वेळ त्या फितीवरच, चित्रासोबत, अंकरूपात साठवलेली असते. फायरवायर तारेने थेट अंकरूपात उतरवली तर ती सोबत येते. दुकानात नेहमीच्या तारांनी दृश्य उतरवून घेतलं तर ती हरवते. तेव्हा उतरवायला देण्याआधी हे विचारून घ्यावं. व्हीएचएस आणि बहुतेक हाय-८ फितींत अशी सोय नाही. तिथे पडद्याच्या कोपऱ्यात तारीख छापली गेली असेल तरच मिळते, नाहीतर वही, रेल्वेचं तिकीट, सोबत्याची आठवण यांवरून काळ ठरवावा लागतो. असा ठरवलेला काळ नेमक्या तारखेचं सोंग घेऊन लिहू नये. त्याच `eventDate` रकान्यात दोन टोकं देण्याची मुभा आहे: `1998-11/1999-02` म्हणजे नोव्हेंबर १९९८ ते फेब्रुवारी १९९९ या दरम्यान कधी तरी. शेऱ्यात हा काळ कशावरून काढला ते लिहावं. शहाद्याच्या आसपासच्या एखाद्या फितीवर सागाच्या फांदीवरचं छोटं घुबड असेल, तर ती आधी उतरवून घ्यावी आणि आधी डोक्याकडे पाहावं, ठिपके आहेत का ते.